कन्झ्युमेबल्स आणि इंजिन प्रोटेक्ट: कशात काय मिळतं?

प्रश्न: गाडीच्या विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलं तर कन्झ्युमेबल्सचं कव्हर वेगळं कशाला?

उत्तर: दोन्हींची बिलं वेगळी. गेल्या पावसाळ्यात जळगावात पुलाखालच्या पाण्यात शालकाची गाडी चालता चालता बंद पडली. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरून कनेक्टिंग रॉड वाकला. साध्या पॉलिसीत हे सहसा बसत नाही. रॉड, पिस्टन, गॅस्केटचे पैसे इंजिन प्रोटेक्टने दिले. पण इंजिन खोललं की ऑइल, कूलंट, नटबोल्ट नवे लागतातच, ते कन्झ्युमेबल्समधून मिळाले. हे कव्हर मंजूर क्लेमसोबतच चालतं, नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या ऑइलला नाही. पेट्रोल तर कधीच नाही!

नशीब, त्याने पुन्हा सेल मारला नाही, थेट टो करून नेली. पाण्यात पुन्हा स्टार्ट केल्याचं सर्व्हेअरला दिसलं तर इंजिन प्रोटेक्ट असूनही क्लेम अडकतो.