स्क्रीन शेअर करताना कस्टमरचा डेटा कुठून फुटतो

अरे, कॉलवर स्क्रीन शेअर करतोस तेव्हा 'एन्टायर स्क्रीन' कधीच निवडू नको, कारण कोपऱ्यात व्हॉट्सॲपचं नोटिफिकेशन आलं की नाव-नंबर सगळ्यांना दिसतो. विंडो शेअर केली तरी ब्राऊझरचा ॲड्रेस बार दिसतोच, तिथे 'c' टाईप केलंस की आधी उघडलेल्या लिंका खाली येतात, आणि काही जुन्या सिस्टीममध्ये लिंकमध्येच कस्टमरचा ईमेल असतो! म्हणून क्रोममध्ये फक्त टॅब शेअर कर, त्यात ॲड्रेस बार जात नाही. पण पेजवरचा सर्च बॉक्स जातो, तिथे टाईप केलेलं सगळ्यांना दिसतं. आणि विंडो किंवा स्क्रीन शेअर केलीस तर ऑटोफिल सुचवतं ते जुने मोबाईल नंबरही दिसू शकतात, म्हणून ते सेटिंग्जमधून बंद कर. दाखवायचंच असेल तर टेस्ट अकाऊंट उघड, खरं नको, कॉल रेकॉर्ड होत असेल तर ती फाईल नंतर कोण बघेल याचा नेम नाही.

पर्वरीच्या ऑफिसात चहाला उठलास की Windows + L दाबून स्क्रीन लॉक कर, बस. घरी भाड्याच्या खोलीत मालकाचंच वायफाय असेल (आपल्याकडे बहुतेकांचं तसंच) तर कंपनीचं व्हीपीएन चालू केल्याशिवाय कस्टमरचं रेकॉर्ड उघडू नको. पण व्हीपीएन मागे उभ्या पाहुण्याची नजर अडवत नाही हां, पाठ भिंतीकडे करून बस.