‘जो जो रे’ ते ‘नाम नाम’

“ताई, मी शारजाला नर्स आहे, नवरा इजिप्तचा. माझी रात्रपाळी असली की २२ महिन्यांच्या लेकाला सासूबाई झोपवतात. पण माझ्या अंगाईशिवाय तो झोपत नाही आणि त्यांना मराठी येत नाही. अंगाई अरबीत करून दिली तर चालेल का? की दोन भाषांमुळे त्याचा गोंधळ होईल, बोलणं लांबेल?”

अरबीत जरूर करा. दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलतं, असं नसतं. ते एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळेल, तेही या वयात अगदी नेहमीचं आहे. शिवाय अंगाईत अर्थाचं काम थोडंच असतं. २०२० साली हार्वर्डच्या संशोधकांनी तान्ह्या बाळांना परक्या भाषांतल्या अंगाया आणि इतर गाणी ऐकवली. अंगाई चालू असताना बाळांच्या हृदयाचे ठोके जास्त मंदावले. तेव्हा अरबीत न्यायचं ते चाल, लांब स्वर आणि ओळीच्या शेवटी परत परत येणारा तोच आवाज.

या बाईंची (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत) घरची अंगाई अशी होती:

चांदोबा आला दारी, जो जो रे
चिऊताई निजली घरी, जो जो रे
माझं सोनं निजेल आता, जो जो रे

नवऱ्याने हौसेने पुस्तकी अरबीत भाषांतर करून दिलं होतं. अर्थ चोख, पण ओळी लांबलचक, आणि तशी अरबी घरात कुणीच बोलत नाही. सासूबाई, म्हणजे मुलाची ‘तेता’, ते गाताना शब्द कोंबायला घाई करायच्या. पोरगा मान उचलून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचा. मूल मान उचलतं तेव्हा समजावं, की ते आता गाणं नवलाईने ऐकतंय. झोप लांबली.

म्हणून मी सुचवलं, की आता सून आणि सासू दोघींनी बसून घरच्या इजिप्ती बोलीत ओळी बांधाव्यात. कैरोकडच्या बोलीत चंद्राच्या ‘कमर’मधला घशातला ‘क’ गळतो आणि नुसतं मऊ ‘अमर’ उरतं. अंगाईला ते फारच सोयीचं. न, म, ल, र आणि लांब आ-ए-ई असलेले शब्द निवडायचे आणि प्रत्येक ओळ मूळ चालीच्या सात-आठ अक्षरांत बसवायची, एवढाच नियम ठेवला. तयार झालं ते असं:

एल अमर नव्वर लेलना, नाम नाम
वेल हमाम फि इश्शू नाम, नाम नाम
वि हबीब तेता हैनाम, नाम नाम

चंद्राने आमची रात्र उजळली, कबुतरं घरट्यात निजली, तेताचा लाडका आता निजणार. ‘नाम’ म्हणजे नीज. चिऊताईच्या जागी कबुतरं तेतांनी बसवली, कारण त्यांच्याकडच्या जुन्या अंगाईत कबुतरंच असतात. तिथे मात्र ‘झोप, मग तुझ्यासाठी कबुतरांची जोडी कापते’ असं आमिष असतं! सूनबाई ऐकून दचकल्या. इथे कबुतरं सुखरूप झोपली आहेत.

‘जो जो रे’च्या शेवटी तोंड उघडं राहतं, तर ‘नाम’मध्ये ओठ मिटतात. म्हणून ‘नाऽम’चा आ लांबवायचा आणि ‘म’ गुणगुणत ठेवायचा, म्हणजे तेवढ्याच मात्रा भरतात. थोपटणं त्याच ठेक्यावर. तिसऱ्या ओळीपासून आवाज आणि वेग दोन्ही उतरवायचे.

आता बदल करायचा कसा? एकदम रात्रीच तेतांच्या हाती देऊ नका. आधी दुपारच्या झोपेला आईनेच दोन्ही अंगाया एकामागून एक म्हणायच्या, तेता शेजारी बसलेल्या. मग आईने गायचं, तेतांनी थोपटायचं. मग तेतांनी गायचं आणि आई नुसती जवळ. मूल कुरकुरलं तर एक पायरी मागे यायचं, रडवत पुढे रेटायचं नाही. दुपार जमली की रात्र. या घरात मुलगा दुपारी लवकर रुळला. रात्री मात्र बरेच दिवस मध्येच ‘जो जो’ मागायचा. तेता तेवढं म्हणायच्या, त्यांच्या तोंडी ते ‘झो झो’ व्हायचं. त्याला चालायचं.

आई घरी असेल तेव्हा मराठीच अंगाई गावी. अरबी तेतांची, मराठी आईची, अशी वाटणी मुलाला सहज कळते.

बोलण्याची काळजी वाटत असेल तर दोन्ही भाषांचे शब्द एकत्र मोजा. ‘पाणी’ आणि ‘मय्या’ हे दोन शब्द धरायचे. दोन वर्षांचा झाल्यावर दोन्ही मिळून पन्नासच्या आतच शब्द असतील, दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा कोणत्याही वयात हाकेला वळत नसेल, येत असलेले शब्द गळायला लागले असतील, तर थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या, मग वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि तिथे कुणी ‘एक भाषा बंद करा’ म्हणालं, तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या.