दोरीतला ताण आणि टांगलेलं वजन एकच का नाही?

*«सर, टेबलावर 3 किलोचा ठोकळा आहे. त्याला बांधलेली दोरी कडेच्या कप्पीवरून खाली येते आणि तिला 2 किलोचं वजन टांगलंय. स्थितिक घर्षण गुणांक 0.4, गतिक 0.25, g = 10. मी ताण 20 न्यूटन धरला तर त्वरण 4.17 येतं, पुस्तकात 2.5 आहे. माझं कुठे चुकतंय?»*

तुझी चूक पहिल्याच ओळीत आहे, ताण 20 न्यूटन धरलास तिथे. टांगलेल्या वजनाची आकृती तू स्वतंत्र काढली नसणार. काढली असतीस तर त्या वजनावर दोनच बलं दिसली असती: खाली गुरुत्वाचं 20 न्यूटन आणि वर दोरीचा ताण T. दोन्ही सारखी असतील तर निव्वळ बल शून्य, म्हणजे त्वरणही शून्य. पण तुझ्याच उत्तराप्रमाणे ते वजन 4.17 त्वरणाने खाली येतंय. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. वजन वेग घेत खाली येतंय, तर ताण 20 पेक्षा कमीच असला पाहिजे.

मी वर्गात दोरीच्या मध्ये एक हलका ताणकाटा अडकवून हे दाखवतो. ठोकळा हाताने धरून ठेवला की काटा टांगलेल्या वजनाइतकं बल दाखवतो. हात सोडला की ठोकळा सरकायला लागतो आणि त्याच क्षणी काटा खाली येतो. मागच्या बाकावरच्या मुलांनाही ते दिसतं.

आता क्रमाने बघू. आधी ठोकळा सरकतो का, ते तपासायचं. ठोकळ्यावर उभ्या दिशेत खाली 30 न्यूटन वजन आणि वर टेबलाची लंब प्रतिक्रिया आहे. उभ्या दिशेत हालचाल नाही, म्हणून प्रतिक्रियाही 30. स्थितिक घर्षण जास्तीत जास्त 0.4 × 30 = 12 न्यूटनपर्यंत जाऊ शकतं. सगळं स्थिर राहायचं तर ताण 20 हवा आणि तेवढंच घर्षण हवं. ते 12 च्या वर जात नाही, म्हणजे ठोकळा सरकणार. सरकायला लागला की गतिक घर्षण लागू होतं: 0.25 × 30 = 7.5 न्यूटन, हालचालीच्या उलट दिशेला.

दोन आकृत्या, दोन समीकरणं. प्रत्येक वस्तू जिकडे जाते ती दिशा धन धर. ठोकळ्यासाठी कप्पीकडची, वजनासाठी खालची. दोरी ताणली जात नाही, म्हणून दोघांचं त्वरण a सारखंच.

ठोकळा: T − 7.5 = 3a
वजन: 20 − T = 2a

बेरीज केली की T जातो: 12.5 = 5a, म्हणून a = 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग. दुसऱ्या समीकरणात घातलं की T = 15 न्यूटन. पडताळा पहिल्यात घ्यायचा: 15 − 7.5 = 7.5, आणि 3 × 2.5 सुद्धा 7.5. हा पडताळा कधी सोडू नकोस, चिन्हाची चूक इथेच सापडते.

सरकतो का हे आधी का तपासायचं, ते टांगलेलं वजन 1 किलो केलंस की कळेल. थेट सूत्रात घातलंस तर a = (10 − 7.5)/4 = 0.625 येतं. उत्तर धन आहे, दिसायला ठीक आहे, म्हणून शंकाही येत नाही. पण स्थिर ठोकळ्याला हलवायला 12 न्यूटनपेक्षा जास्त बल हवं आणि इथे आहे फक्त 10. ठोकळा जागचा हलणारच नाही. तेव्हा ताण 10 आणि घर्षणही 10. ते 12 नाही आणि 7.5 ही नाही. स्थितिक घर्षण गरजेपुरतंच असतं, 12 ही फक्त त्याची कमाल मर्यादा. मात्र त्याच ठोकळ्याला कप्पीकडे हलकी टिचकी मारून सरकवलंस, तर तो खरोखरच 0.625 त्वरणाने वेग घेत जाईल. आकडे तेच, पण आधी तो स्थिर होता की सरकत होता यावर उत्तर ठरतं. म्हणून गणितात «स्थिर अवस्थेतून सोडला» हे शब्द आहेत का ते बघत जा.

दोन्ही बाजूंना एकच T लिहिला, तो कप्पी वजनरहित आणि घर्षणरहित धरली म्हणून. कप्पी 1 किलोची भरीव चकती असेल आणि दोरी तिच्यावर घसरत नसेल, तर तिला फिरवायलाही बल लागतं. वजनाकडचा ताण 15.45 आणि ठोकळ्याकडचा 14.32 न्यूटन होतो, त्वरण 2.27 वर येतं. तेव्हा कप्पीची तिसरी आकृती काढावी लागते आणि दोन ताणांना T₁, T₂ अशी वेगळी नावं द्यावी लागतात.