स्नॅपशॉट घेऊन नोड रिस्टार्ट केले की राफ्टमध्ये दोन लीडर, असं का होतं?

प्रश्न: शिकायचं म्हणून गो मध्ये राफ्ट लिहितोय. क्लस्टर तीन नोडवरून पाचवर नेला, मस्त चाललं. मग स्नॅपशॉट घेऊन लॉग कापायला लागलो. आता दोन नोड रिस्टार्ट करून नेटवर्क तोडलं की दोन लीडर होतात आणि दोघंही राइट कमिट करतात. इलेक्शनचा कोड दहा वेळा वाचला, बरोबर वाटतो. कुठे बघू?

उत्तर:

इलेक्शनच्या कोडला हात लावू नका, तो बहुतेक बरोबरच असेल. स्नॅपशॉटची फाइल उघडा आणि तिच्यात मेंबरांची यादी आहे का बघा. पैज लावतो, नसेल. मी पण हेच केलं होतं, की-व्हॅल्यूचा मॅप, शेवटचा इंडेक्स आणि त्याची टर्म एवढंच स्नॅपशॉटमध्ये टाकलं, मेंबरशिप काय लॉगमध्ये आहेच की म्हणून सोडून दिली, आणि दोन ओळी खाली तोच लॉग स्वतःच्या हाताने कापला.

आकडे घालून बघू. सुरुवातीच्या कॉन्फिग फाइलमध्ये अ, ब, क आहेत. लॉगमध्ये इंडेक्स १२० वर ड आला, १५० वर इ आला. पुढे १००० पर्यंतच्या एंट्री अप्लाय झाल्यावर तुम्ही स्नॅपशॉट घेतला आणि तिथपर्यंतचा लॉग उडवला, त्यात १२० आणि १५० पण गेल्या. आता अ आणि ब रिस्टार्ट झाले. डेटा स्नॅपशॉटमधून नीट आला, पण मेंबर कोण हे विचारायला लॉगमध्ये काहीच नाही, म्हणून कोड गुपचूप फाइलवर जातो आणि म्हणतो आपण तिघं. नेटवर्क तुटलं, एका बाजूला अ-ब, दुसऱ्या बाजूला क-ड-इ. अ ला स्वतःचं आणि ब चं मत मिळालं, तीनातले दोन, झाला लीडर. तिकडे क ला पाचातली तीन मतं, तोही लीडर. दोघांचं गणित आपापल्या जागी बरोबर आहे, फक्त ते वेगवेगळ्या क्लस्टरचं आहे. इंडेक्स १००१ वर दोन वेगळ्या एंट्री कमिट होतात आणि नेटवर्क परत जुळलं की एक बाजूचे राइट गायब.

(नुसते दोन लीडर दिसले म्हणजे बग असं नाही हं. जुन्या टर्मचा लीडर नेटवर्कपासून तुटला तर थोडा वेळ स्वतःला लीडर समजत बसतो, पण त्याला बहुमत मिळत नाही म्हणून तो काही कमिट करू शकत नाही. तुमच्याकडे दोघंही कमिट करतायत, तिथे खरी गडबड आहे.)

तर स्नॅपशॉटमध्ये एवढं हवं:

```go
type Snapshot struct {
    LastIndex uint64
    LastTerm  uint64
    ConfIndex uint64
    Members   []string
    Data      []byte
}
```

`ConfIndex` म्हणजे `Members` ची यादी ज्या एंट्रीने आली तिचा इंडेक्स. जॉइंट कन्सेन्सस वापरत असाल तर एक यादी पुरत नाही, बदल अर्ध्यावर असताना स्नॅपशॉट घेतला जाऊ शकतो, मग जुनी आणि नवी दोन्ही साठवा.

आता पुढचा खड्डा, आणि यात जास्त लोक पडतात. `Members` मध्ये नक्की कोणती यादी टाकायची? हातासरशी मेमरीत जी चालू आहे तीच टाकावीशी वाटते. ती चुकीची असू शकते, कारण मूळ राफ्टमध्ये कॉन्फिगची एंट्री लॉगमध्ये लिहिली की लगेच लागू होते, कमिटची वाट बघत नाही. समजा १००५ वर फ ला घ्यायची एंट्री लिहिली गेलीय पण कमिट नाही, आणि स्नॅपशॉट १००० चा घेताय. मेमरीतल्या यादीत फ आहे. ती स्नॅपशॉटमध्ये गेली, मग नवा लीडर आला, त्याच्याकडे १००५ वर वेगळंच काहीतरी होतं, त्याने तुमची एंट्री पुसली. एंट्री पुसली की आधीच्या कॉन्फिगवर परत जायचं असतं, तुम्ही गेलात स्नॅपशॉटकडे, आणि तिथेही फ बसलाय, जो कधी कमिटच झाला नव्हता. म्हणून यादी कायम `LastIndex` पर्यंतची. त्यासाठी मेमरीत एकच यादी ठेवू नका, इंडेक्स आणि यादी अशा जोड्या ठेवा. चालू कॉन्फिग म्हणजे उरलेल्या लॉगमधली सगळ्यात शेवटची कॉन्फिग एंट्री, तशी एकही नसेल तर स्नॅपशॉटमधली. सुरुवातीची फाइल फक्त तेव्हाच वाचायची जेव्हा लॉगमध्ये कॉन्फिगची एंट्रीही नाही आणि स्नॅपशॉटही नाही.

एटसीडीचा कोड बघून लिहीत असाल तर जपून, त्यांच्या राफ्टमध्ये कॉन्फिग बदल एंट्री अप्लाय झाल्यावर लागू होतो, लिहिल्यावर नाही. दोन्ही पद्धती चालतात, पण अर्धी इकडची अर्धी तिकडची उचलली की दिवस जातो डोकं खाजवण्यात.

हाच नियम लीडरकडून `InstallSnapshot` आला तरी पाळायचा. स्नॅपशॉटच्या शेवटच्या इंडेक्सला तुमच्याकडे त्याच टर्मची एंट्री असेल तर तिच्या पुढचा लॉग ठेवायचा असतो, नसेल तर सगळा लॉग टाकायचा. पहिल्या केसमध्ये त्या उरलेल्या लॉगमध्ये नवी कॉन्फिग एंट्री असू शकते, आणि आपण मात्र स्नॅपशॉट आला या आनंदात त्याची जुनी यादी वर चढवतो. वरचा नियम एका फंक्शनमध्ये लिहा आणि रिस्टार्ट, लॉग पुसणं, स्नॅपशॉट बसवणं, तिन्हीकडून तेच बोलवा. आणि स्नॅपशॉट डिस्कवर पक्का उतरल्याशिवाय लॉग कापू नका, तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून एफसिंक, मग रिनेम, मग कापणं.

एका वेळी एकच नोड वाढवताय किंवा काढताय असं धरून अजून एक, याचा स्नॅपशॉटशी संबंध नाही पण तुमच्याकडे दोन लीडरचा दुसरा रस्ता हाच असेल. या पद्धतीत एक भोक आहे हे राफ्टचे एक निर्माते डिएगो ओंगारो यांनी स्वतः २०१५ मध्ये सांगितलं. चार नोड, १ ते ४. पहिला लीडर १ हा ५ ला घ्यायची एंट्री फक्त स्वतःकडे आणि ५ कडे लिहून पडतो. मग २ हा २-३-४ च्या मतांवर लीडर होतो, लगेच ४ ला काढतो आणि २-३ वर ते कमिट पण करतो. आता १ परत येतो, त्याच्या मते क्लस्टर पाचाचा, त्याला १-४-५ ची मतं मिळतात आणि तो कमिट झालेला बदल पुसू शकतो. इलाज सोपा आहे, नव्या लीडरने आधी स्वतःच्या टर्मची एक रिकामी एंट्री कमिट करायची आणि मगच कॉन्फिग बदल घ्यायचा. ती एंट्री २-३-४ वर गेली की ४ चा लॉग १ पेक्षा नवा होतो, मग तो १ ला मत देतच नाही.

टेस्ट अशी लावा: पाच मेंबर करा, स्नॅपशॉट घ्या, लॉग पूर्ण रिकामा होईल असा कापा (शेवटच्या काही हजार एंट्री ठेवायची सवय असेल तर टेस्टपुरती बंद करा, नाहीतर १५० वाली एंट्री त्यात उरते आणि टेस्ट उगाच पास होते, माझी तशीच होत होती), मग एक-एक नोड रिस्टार्ट करून त्याची यादी आणि `ConfIndex` प्रिंट करा. पाच आणि १५० यायला हवं. तीन आणि ० आलं तर फाइल कुठून वाचली जातेय ते शोधा.