मुलाखतीतले इंग्रजी : मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवारांचे प्रश्न

प्रश्न : जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात दोन वर्षे काम केले आहे. आता पुण्याच्या मोठ्या कंपनीत मुलाखत आहे. इंग्रजी वाचलेले समजते, पण बोलताना वाक्य मध्येच अडकते. (डिप्लोमा मेकॅनिकल, धरणगाव)

उत्तर : असे वाक्य शब्द ठाऊक नसल्यामुळे क्वचितच अडकते. बहुतेक वेळा ते आधी मराठीत पूर्ण रचले जाते आणि मग इंग्रजीत उतरवले जाते, म्हणून अडकते. मराठीत कारण, वेळ, ठिकाण असे सगळे आधी येऊन क्रियापद शेवटी येते, तर इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ लगेच क्रियापद लागते. त्यामुळे लांबलचक मराठी वाक्य डोक्यात धरून बोलायला लागलेला उमेदवार दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच क्रियापद शोधत थांबतो.

तुमच्याच कामाचे उदाहरण घेऊ. तुम्ही मराठीत सहज म्हणाल, "पाइपच्या भिंतीची जाडी सगळीकडे सारखी येत नसल्यामुळे जो माल परत येत होता, तो कमी करण्यासाठी मी दर दोन तासांनी मोजमाप घ्यायला सुरुवात केली." हे वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत नेण्याचा प्रयत्न करू नये. आधी मराठीतच त्याचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्यात एकच गोष्ट ठेवावी आणि घटना जशा घडल्या त्याच क्रमाने ते बोलावेत : "अवर प्लांट मेक्स पीव्हीसी पाइप्स. द वॉल थिकनेस वॉज नॉट युनिफॉर्म. सम पाइप्स केम बॅक फ्रॉम कस्टमर्स. आय चेक्ड द थिकनेस एव्हरी टू अवर्स, ॲट फोर पॉइंट्स. वन साइड वॉज ऑलवेज थिकर. द डाय वॉज ऑफ सेंटर. आय ॲडजस्टेड द सेंटरिंग बोल्ट्स विथ द ऑपरेटर, अँड द रिजेक्शन केम डाउन."

यात एकही अवघड वाक्य नाही, तरीही ऐकणाऱ्या अभियंत्याला समोरचा माणूस यंत्राजवळ उभा राहिलेला आहे हे कळते. कारखान्याची ओळख करून देणारे पहिले वाक्य सोडले, तर सगळा वृत्तान्त साध्या भूतकाळात आहे. झालेल्या कामाबद्दल बोलताना हा एक काळ पुरतो, म्हणून "आय वॉज चेकिंग" की "आय हॅड चेक्ड" या विचारात वेळ घालवू नये. नकार देताना मात्र "आय डिडन्ट चेक्ड" असे तोंडी बसलेले असते, तिथे "आय डिडन्ट चेक" म्हणण्याची सवय करावी. आणखी एक गोष्ट व्याकरणाची नाही, रीतीची आहे. स्वतः केलेल्या कामालाही "आम्ही केले" म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, परंतु मुलाखतीत सतत "वी" ऐकू आले की यात तुमचा वाटा किती, हा प्रश्न येतोच. जे स्वतः केले, तिथे "आय" म्हणावे.

प्रश्न : स्वतःची ओळख आणि प्रोजेक्ट पाठ करून गेलो होतो. ते नीट झाले, पण त्यावर उपप्रश्न आला आणि पुढे काहीच सुचेना. (बी. ई., भुसावळ)

उत्तर : पाठांतर वाईट नाही, पण ते वाक्यांचे असू नये. वरच्या उदाहरणासाठी एका चिठ्ठीवर थिकनेस, फोर पॉइंट्स, वन साइड, डाय, रिजेक्शन एवढेच शब्द लिहून रोज मोबाइलवर रेकॉर्ड करत उत्तर द्यावे आणि कालचीच वाक्ये आज जमली नाहीत तरी अडू नये. वाक्ये दर वेळी थोडी वेगळी निघाली, तर सराव योग्य दिशेने चालला आहे. शब्दन् शब्द तोच निघत असेल, तर उपप्रश्नाला पुन्हा गाडी अडेल.

उपप्रश्न आधी लिहून काढता येतात, कारण ते नेहमी कारणाबद्दल, पुराव्याबद्दल किंवा आकड्याबद्दल असतात. पाइपच्या बाबतीत पहिलाच प्रश्न येईल : "हाऊ डिड यू नो इट वॉज द डाय?" याचे खरे उत्तर कामातच आहे. पाइपच्या घेरात एकच बाजू सतत जाड येत असेल, तर पाइपला आकार देणारी डाय मध्यावर नाही असा संशय घ्यावा. जाडी पाइपच्या लांबीभर कमी-जास्त होत असेल, तर पाइप ओढून घेणाऱ्या हॉल-ऑफचा वेग आधी तपासावा. इंग्रजीत हे दोन वाक्यांत मावते : "द सेम साइड वॉज थिक एव्हरी टाइम, सो आय चेक्ड द डाय. इफ इट चेंजेस अलाँग द लेंथ, आय चेक द हॉल-ऑफ स्पीड." आकडा विचारला आणि तो तुम्ही नोंदवलेला नसेल, तर "आय डोन्ट हॅव द एक्झॅक्ट फिगर" असे सरळ म्हणावे, कारण अंदाजाने फेकलेल्या टक्क्यावर पुढचे तीन प्रश्न येतात आणि त्या वेळी इंग्रजी कितीही चांगले असले तरी निभावत नाही.

ओळखीबद्दल थोडक्यात. "मायसेल्फ" ऐवजी "आय ॲम", "सिन्स टू इयर्स" ऐवजी "फॉर टू इयर्स", आणि वडिलांचा व्यवसाय, भावंडे, छंद वगळून एका मिनिटात शिक्षण, काम आणि ही नोकरी का हवी, एवढेच सांगावे.

प्रश्न : घरी अहिराणी, शाळेत मराठी. इंग्रजी बोलताना हेल येतो आणि मध्येच "मंग" निघते. उच्चारांचा क्लास लावावा का? (एम. कॉम., अमळनेर)

उत्तर : हेल घालवण्यासाठी पैसे खर्च करू नयेत. देशातल्या देशात होणाऱ्या मुलाखतीत समोरची व्यक्तीही कुठला तरी हेल घेऊनच बोलत असते. अडचण येते ती आघाताची. मराठीत शब्दाची सगळी अक्षरे जवळपास सारख्या जोराने उच्चारली जातात, तर इंग्रजीत शब्दाच्या एका अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, जोर असतो आणि तो भलतीकडे पडला की ओळखीचा शब्दही ऐकणाऱ्याला लागत नाही. डेव्हलप, इक्विपमेंट आणि कंपोनंट या तिन्हींत जोर दुसऱ्या अवयवावर आहे. आपल्या विषयातले रोजचे वीस-पंचवीस शब्द शब्दकोशाच्या ॲपवर ऐकून, आघात कुठे आहे ते वहीत खूण करून ठेवले तरी पुष्कळ फरक पडतो.

तुम्ही वाणिज्य शाखेच्या असल्यामुळे आकड्यांकडे अधिक लक्ष द्यावे. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर एकसारखे ऐकू येतात, म्हणून आकडा सांगून लगेच "वन फाइव्ह" किंवा "फाइव्ह झीरो" असे जोडावे. शिवाय सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि इंग्रजीत चाळीस आधी येतात, त्यामुळे घाईत ४७ चे ७४ होतात. ताळेबंदातले आकडे मोठ्याने इंग्रजीत वाचण्याचा सराव यावर उपयोगी पडतो. "मंग" निघण्याच्या जागी मात्र काहीच न बोलता क्षणभर थांबावे. हा विराम बोलणाऱ्याला वाटतो तेवढा लांब नसतो.

प्रश्न : ऑनलाइन मुलाखतीत प्रश्नच कळला नाही आणि अंदाजाने उत्तर दिले. पुन्हा विचारले तर कच्चे वाटणार नाही का? (बी. एस्सी., चोपडा)

उत्तर : अंदाजाने दिलेले उत्तर अधिक कच्चे वाटते. परंतु नुसते "सॉरी?" म्हटले तर तेच वाक्य तितक्याच वेगाने पुन्हा येते, म्हणून किती कळले ते सांगून उरलेले विचारावे : "आय अंडरस्टुड द फर्स्ट पार्ट, अबाउट टेस्टिंग. कुड यू रिपीट द सेकंड पार्ट?" शब्द ऐकू आले पण रोख कळला नसेल, तर "डू यू मीन द लॅब टेस्ट ऑर द फील्ड टेस्ट?" असे दोन पर्याय समोर ठेवावेत. दुसऱ्यांदाही कळले नाही, तर प्रश्न चॅटमध्ये लिहून देण्याची विनंती करता येते. मध्येच आवाज तुटला असेल, तर तेही लगेच सांगावे.

प्रश्न : मराठी माध्यमातून शिकले हे आधीच सांगून टाकावे का? (बी. फार्म., शिरपूर)

उत्तर : नाही. पहिल्याच वाक्यात ते सांगितले की पुढचे सगळे उत्तर भाषेच्या चुका मोजत ऐकले जाते. विचारले तर "आय स्टडीड इन मराठी मीडियम टिल टेन्थ" असे सांगून लगेच तुमच्या प्रोजेक्टकडे वळावे.