नर्सिंग होममध्ये औषधांचा चार्ट पहिल्यांदा मांडताना

चार्ट नेहमी डॉक्टरांच्या मूळ ऑर्डरवरूनच मांड, कालच्या चार्टवरून उतरवू नकोस. नाहीतर बंद केलेलं औषध तसंच पुढे चालू राहतं. सगळ्यात वर ॲलर्जी लिही. मग एका ओळीत एकच औषध: पूर्ण नाव, मात्रा, मार्ग, वेळा.

नवख्यांची खरी चूक होते ती वेळांत. समज, सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम शिरेतून, बीडी, म्हणजे दिवसातून दोनदा, असं लिहिलंय आणि तुमच्याकडे बीडीच्या वेळा सकाळी १० आणि रात्री १०. रुग्ण दुपारी ३ ला दाखल झाला, पहिला डोस लगेच दिला. आता रात्री १० चा रकाना भरलास तर दुसरा डोस सातच तासांत जाईल. म्हणून दुसऱ्या डोसची वेळ डॉक्टरांना विचारूनच लिही.

एसओएस, म्हणजे गरज पडली तरच द्यायची औषधं, खाली वेगळी ठेव. नुसतं 'पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एसओएस' पुरत नाही. कशासाठी, दोन डोसांत किमान किती तास आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे विचारून घे.

आणि सही औषध दिल्यावरच, ट्रे भरताना नाही. डोस राहिला तर रकाना कोरा न सोडता कारण लिही.