वेल्डरचे प्रमाणपत्र नेमके कशासाठी वैध असते

तुमच्याकडे आयटीआयचे प्रमाणपत्र आहे, ही चांगली सुरुवात आहे. मात्र अंधेरीत किंवा साकीनाक्याला आखाती कंपनीसाठी ट्रेड टेस्ट होते तेव्हा परीक्षक कागदाआधी तुमचा जोड पाहतात.

वेल्डरची पात्रता ठरावीक प्रक्रियेपुरती आणि पोझिशनपुरती असते, हे नवखे विसरतात. प्लेटवर 3G उत्तीर्ण झालेला माणूस पाइपच्या 6G साठी पात्र ठरत नाही, आणि केवळ रॉडने वेल्डिंग करून मिळवलेली पात्रता टिगला लागू होत नाही. मी स्वतः अशाच कागदावर विसंबून गेलो होतो. तिथे रूट टिगने मागितला आणि मला परत यावे लागले.

6G मध्ये पाइप 45 अंशांत पक्का बांधलेला असतो आणि तो फिरवता येत नाही. बहुतेकांचा रूट खालच्या बाजूला, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या जागी बिघडतो. तिथे धातू आत न शिरता पोकळ राहतो. म्हणून सरावाच्या प्रत्येक जोडानंतर बॅटरी लावून पाइपच्या आतून पाहा, कारण वरचा कॅप सुबक दिसला तरी एक्स-रेमध्ये रूटच उघडा पडतो.

आणखी दोन गोष्टी:

- एएसएमई संहितेनुसार एखादी प्रक्रिया सहा महिने वापरली नाही, तर तिची पात्रता संपते. म्हणून सध्याच्या कामाची लेखी नोंद मालकाकडून घेत राहा.
- प्रमाणपत्रावरील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळवून घ्या. इलेक्ट्रिशियन मित्रांनाही हे सांगा, कारण सौदीच्या कौशल्य पडताळणीत त्यांचाही व्यवसाय आहे.